कंपनीचं नाव बदललं, विलीन झाली, विकली गेली: रेझ्युमेतला खरा अनुभव पडताळणीत अडकतो तेव्हा

मी पुण्यात बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनचं, म्हणजे बीजीव्हीचं काम करते. उमेदवाराने लिहिलेला अनुभव खरा आहे का, हे जुन्या कंपनीला विचारून कळवणं हे आमचं काम. यात एक बिघाड वर्षानुवर्षं तसाच येत राहतो. माणूस खरा, कागद खरे, कामही खरं केलेलं, आणि तरीही अहवालात ‘पडताळता आलं नाही’ असा शेरा. बहुतेक वेळा कारण एकच निघतं: मधल्या काळात कंपनीचं नाव किंवा मालकी बदललेली असते आणि रेझ्युमेत ती साखळी तुटलेली असते. हा दोष जॉइनिंगच्या आदल्या आठवड्यात धावपळ करत काढण्यापेक्षा आधी काढणं फार सोपं आहे, म्हणून पायऱ्या सविस्तर लिहिते.

लक्षणं

खालीलपैकी एक जरी दिसलं तरी हाच बिघाड असण्याची शक्यता धरा.

जुन्या एचआरला पाठवलेला मेल परत येतो, कारण ते डोमेनच बंद झालेलं असतं. नव्या मालक कंपनीचा एचआर कळवतो की अशी कर्मचारी आमच्या नोंदीत नाही. पडताळणी करणारा विचारतो की कंपनीची स्थापना 2018 ची आहे, मग तुम्ही तिथे 2011 पासून कसे होतात? पीएफच्या नोंदीत दोन कंपन्या दिसतात आणि रेझ्युमेत एकच, किंवा नेमकं उलटं. अपॉइंटमेंट लेटरवर एक नाव, रिलिव्हिंग लेटरवर दुसरं आणि फॉर्म 16 वर तिसरं. यातली पीएफची तफावत सर्वांत वाईट, कारण ती पाहून कुणालाही आधी दोन नोकऱ्या एकदम केल्याचा संशय येतो.

पहिली तपासणी: घरातले कागद. खर्च शून्य, वेळ पंधरा मिनिटं

अपॉइंटमेंट लेटर, एखादं मधलं इन्क्रिमेंट लेटर, शेवटची पगाराची स्लिप आणि रिलिव्हिंग लेटर समोर मांडा. प्रत्येकावर छापलेलं कंपनीचं पूर्ण नाव, म्हणजे ‘लिमिटेड’ किंवा ‘प्रायव्हेट लिमिटेड’ या शब्दांसकट, तारखेच्या क्रमाने वहीत उतरवून घ्या. लोगो पाहू नका. लोगो समूहाचा असतो. तुम्हाला नोकरी दिलेली कंपनी बहुतेकदा पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत असते.

ही तपासणी पहिली, कारण अर्ध्या फाइली इथेच सुटतात. माणसं ऑफिसच्या पाटीवर किंवा बोलण्यात असलेलं नाव रेझ्युमेत लिहितात, आणि आम्ही मात्र रिलिव्हिंग लेटरवरचं नाव जुळवत असतो.

कंपनी कायदा 2013 च्या कलम 12 ची इथे मदत होते. त्यानुसार कंपनीला लेटरहेडवर नाव, नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता आणि CIN हा आपला ओळख क्रमांक छापावा लागतो. नाव बदललं असेल तर पुढची दोन वर्षं जुनं नावही सोबत द्यावं लागतं. म्हणून नावबदलानंतरच्या दोन वर्षांतलं एखादं पत्र तुमच्याकडे असेल तर ते जपून ठेवा. दोन्ही नावं एकाच कागदावर असलेला याहून सोपा पुरावा नाही.

दुसरी तपासणी: CIN वरून कंपनी ओळखा. शुल्क नाही

CIN म्हणजे कंपनीचा 21 अक्षर-अंकी ओळख क्रमांक. नाव बदललं म्हणून तो बदलत नाही, आणि आपल्या कामाची गोष्ट तीच आहे. कंपनी शेअर बाजारात आली किंवा तिथून बाहेर पडली, तिचा उद्योग बदलला किंवा नोंदणीकृत कार्यालय दुसऱ्या राज्यात गेलं, तर मात्र तो बदलू शकतो. त्यातल्या नवव्यापासून बाराव्यापर्यंतच्या जागी कंपनीच्या स्थापनेचं वर्ष असतं. लेटरहेडवरचा CIN कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर `Company Master Data` मध्ये टाकला की त्या कंपनीचं आजचं नाव आणि आजची स्थिती दिसते.

हे किती उपयोगी पडतं, ते पुण्यातल्याच एका उघड माहितीच्या उदाहरणावरून सांगते. केपीआयटी कमिन्स इन्फोसिस्टिम्सचं नाव 2013 मध्ये केपीआयटी टेक्नॉलॉजीज झालं. इथवर साधा नावबदल आहे. पुढे जानेवारी 2019 मध्ये बिर्लासॉफ्ट (इंडिया) ही कंपनी तिच्यात विलीन झाली आणि त्या एकत्रित कंपनीचं नाव बिर्लासॉफ्ट लिमिटेड झालं. त्याच योजनेत अभियांत्रिकीचा व्यवसाय वेगळा काढून दुसऱ्या कंपनीकडे दिला गेला. ती होती केपीआयटी इंजिनिअरिंग, आणि तिचं नाव झालं केपीआयटी टेक्नॉलॉजीज लिमिटेड. म्हणजे आज जी केपीआयटी टेक्नॉलॉजीज आहे ती 2018 मध्ये नोंदलेली कंपनी आहे, आणि 2018 च्या आधीच्या पत्रांवर त्याच नावाने जी कंपनी दिसते ती कायद्याच्या नजरेत आजची बिर्लासॉफ्ट आहे.

आता समजा एखादी व्यक्ती जुलै 2011 मध्ये तिथे लागली आणि मार्च 2017 मध्ये बाहेर पडली. अपॉइंटमेंट लेटरवर केपीआयटी कमिन्स, रिलिव्हिंग लेटरवर केपीआयटी टेक्नॉलॉजीज. तिने रेझ्युमेत फक्त ‘केपीआयटी टेक्नॉलॉजीज’ लिहिलं. पडताळणाऱ्याने त्या नावाने शोधलं, तर समोर 2018 ची कंपनी आली. उमेदवार नोकरी सोडून गेल्यानंतर स्थापन झालेली कंपनी! एकही शब्द खोटा नसताना फाइल थांबली. पण रिलिव्हिंग लेटरच्या तळाशी हा क्रमांक असतो:

```
L72200PN1990PLC059594
```

यातलं वर्ष 1990 आहे. पोर्टलवर तो टाकला की नाव बिर्लासॉफ्ट लिमिटेड येतं आणि कोडं तिथेच सुटतं. म्हणून मी प्रत्येकाला सांगते की नाव शोधण्याआधी क्रमांक शोधा. लेटरहेडवर CIN छापणं 2014 पासून सक्तीचं झालं, त्यामुळे त्याआधीच्या पत्रावर तो नसेल तर नंतरचं एखादं पत्र शोधा. तेही नसेल तर नावाने शोधा, पण मग स्थापनेचं वर्ष तुमच्या जॉइनिंगच्या आधीचं आहे ना, एवढं नक्की पाहा.

तिसरी तपासणी: नेमकं काय घडलं होतं?

‘आमची कंपनी टेकओव्हर झाली’ हे वाक्य मी रोज ऐकते. त्यात चार वेगवेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात आणि प्रत्येकीत रेझ्युमे वेगळा लिहावा लागतो. इथेच घोडं पेंड खातं.

नुसता नावबदल असेल तर कंपनी तीच, CIN तोच, नोकरी तीच. जुनं आणि नवं नाव एकाच नोंदीत द्यायचं.

विलीनीकरणात एक कंपनी दुसरीत मिसळते आणि तिचं स्वतंत्र अस्तित्व संपतं. पोर्टलवर तिची स्थिती `Amalgamated` दिसते. एलटीआयमाइंडट्रीचं उदाहरण यासाठी चांगलं आहे. 14 नोव्हेंबर 2022 ला माइंडट्री ही लार्सन अँड टुब्रो इन्फोटेकमध्ये विलीन झाली आणि एकत्रित कंपनीचं नाव एलटीआयमाइंडट्री झालं. दिवस एकच, पण एलटीआयमधल्या कर्मचाऱ्यासाठी तो नावबदल होता आणि माइंडट्रीमधल्यासाठी विलीनीकरण. शेजारशेजारी बसणाऱ्या दोघांनी एकमेकांचा रेझ्युमे कॉपी केला तर एकाचा चुकणारच.

शेअर्सची खरेदी, म्हणजे ज्याला आपण सर्रास ‘कंपनी विकली’ म्हणतो, त्यात मालक बदलतो पण नोकरी देणारी कंपनी बदलत नाही. वॉलमार्टने 2018 मध्ये फ्लिपकार्टमधला मोठा हिस्सा घेतला, पण म्हणून फ्लिपकार्टमधल्या माणसाची नोकरी वॉलमार्टची झाली नाही. या प्रकारात सर्वाधिक चुका होतात आणि त्यामागचं कारण मला समजतं: मोठ्या समूहाचं नाव लिहिलं तर वजन पडेल असं वाटतं. नाशिकच्या एका ताईंच्या फाइलमध्ये हेच झालं होतं. त्यांची कंपनी एका परदेशी समूहाने घेतली, ओळखपत्रावर समूहाचा लोगो आला, आणि त्यांनी सहाही वर्षांसमोर समूहाचं नाव लिहिलं. समूहाच्या भारतीय कार्यालयाने ‘नोंद नाही’ असं कळवलं. ते उत्तर बरोबरच होतं, कारण पगार शेवटपर्यंत जुन्याच प्रायव्हेट लिमिटेडकडून होत होता. ताईंनी तीन पगाराच्या स्लिपा पाठवल्या, आम्ही योग्य कंपनीला विचारलं आणि दोन दिवसांत होकार आला. पण तोवर जॉइनिंग एकदा पुढे ढकललं गेलं होतं.

चौथा प्रकार म्हणजे फक्त एक विभाग किंवा व्यवसाय दुसऱ्या कंपनीला देणं. यात तुमची कंपनी जागेवर राहते आणि तुम्ही नव्या कंपनीत जाता. हा ओळखायचा कसा? तुमच्याकडे ट्रान्सफर लेटर किंवा राजीनामा आणि नवं अपॉइंटमेंट लेटर असतं, एम्प्लॉयी कोड बऱ्याचदा बदलतो, आणि त्या आर्थिक वर्षाचे दोन फॉर्म 16 मिळतात. ट्रान्सफर लेटरमध्ये आधीची सेवा अखंड धरली आहे असं वाक्य आहे का, ते शोधून त्याखाली पेन्सिलीने रेघ ओढा. पुढे सगळं त्या वाक्यावर अवलंबून आहे.

चौथी तपासणी: पीएफची सर्व्हिस हिस्टरी

UAN पोर्टलवर लॉगिन करून `Service History` उघडा. तिथे प्रत्येक आस्थापनेचं नाव, तुमचा मेंबर आयडी, रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख दिसते. आजकाल पडताळणी करणारे याच पानाचा स्क्रीनशॉट मागतात. म्हणून त्यांच्याआधी ते तुम्ही पाहिलेलं बरं.

नुसता नावबदल झाला असेल तर आस्थापनेचा कोड तोच राहतो, पण जुन्या वर्षांसमोरही नवंच नाव दिसू शकतं. विलीनीकरणात किंवा व्यवसाय हस्तांतरात तुम्हाला नवा मेंबर आयडी मिळालेला असू शकतो. मग तुम्ही एक दिवसही खंड न पडता त्याच खुर्चीवर बसून काम केलेलं असलं तरी नोंद मात्र ‘एक नोकरी सोडली, दुसरी धरली’ अशी दिसते. रेझ्युमेत दोन्ही नावं आणि बदलाची तारीख दिली असेल तर पडताळणारा स्वतःच ते जोडून घेतो. दिली नसेल तर तो शेरा मारतो.

इथे विशेष पाहायचं ते म्हणजे जुन्या मेंबर आयडीसमोर सोडल्याची तारीख भरली आहे का. ती रिकामी असेल तर जुनी नोकरी अजून चालू आहे असं दिसतं, आणि दोन नोकऱ्यांचा संशय बहुधा इथूनच येतो. शेवटची वर्गणी जमा होऊन दोन महिने झाले असतील तर पोर्टलवरच्या `Mark Exit` मधून ती तारीख तुम्ही स्वतः भरू शकता. मात्र भरण्याआधी रिलिव्हिंग किंवा ट्रान्सफर लेटरशी ताडून घ्या.

काही मोठ्या कंपन्यांचा पीएफ स्वतःच्या ट्रस्टकडे असतो. तिथे पासबुक रिकामं दिसलं म्हणून घाबरू नका, सर्व्हिस हिस्टरीच पाहा. आणि पीएफ अजिबात कापला जात नसेल तर त्या वर्षांचा फॉर्म 26AS काढा. टीडीएस कोणी कापला ते नाव आणि त्यांचा TAN तिथे दिसतो.

पाचवी पायरी: नोंद पुन्हा लिहा

आता रेझ्युमेला हात लावायचा, त्याआधी नाही. मी वापरते तो क्रम असा: पहिल्या ओळीत रिलिव्हिंग लेटरवरचं नाव. तारखा तुमच्या खऱ्या सेवेच्या. त्याखाली एकच ओळ, जिच्यात आधीचं नाव, आजचं नाव आणि बदलाचं वर्ष. वरच्या उदाहरणातली नोंद अशी होईल:

```
KPIT Technologies Ltd., Pune
Jul 2011 – Mar 2017
KPIT Cummins Infosystems Ltd. until 2013;
same company is Birlasoft Ltd. since 2019
```

विलीनीकरणाच्या आधीच बाहेर पडलेल्याने जुनं नावच ठेवावं, फक्त उत्तर आता कोण देईल ते सांगावं:

```
Mindtree Ltd., Bengaluru
Jun 2016 – Sep 2021
Merged into LTIMindtree Ltd., 14 Nov 2022
```

विलीनीकरणानंतरही तिथेच राहिलेल्याची नोंद वेगळी:

```
LTIMindtree Ltd., Bengaluru
Jun 2019 – Feb 2024
Joined Mindtree Ltd.; merged 14 Nov 2022,
service continued
```

एक नोंद की दोन, हा प्रश्न नेहमी येतो. सेवा अखंड धरली असेल आणि फुल अँड फायनल हिशेब झाला नसेल, तर एकच नोंद. ती दोनमध्ये तोडली तर वारंवार नोकऱ्या बदलल्यासारखं दिसतं, शिवाय नवी कंपनी कळवणारी जॉइनिंगची तारीख तुमच्या तारखेशी जुळत नाही. हिशेब होऊन नवं अपॉइंटमेंट लेटर मिळालं असेल, तर दोन नोंदी करा आणि दुसरीखाली ‘व्यवसाय हस्तांतरामुळे’ एवढं कारण द्या. मालक बदलला पण कंपनी तीच, अशा वेळी समूहाचं नाव खालच्या ओळीत चालेल, पहिल्या ओळीत नको.

कंपनीच्या ऑनलाइन अर्जात बऱ्याचदा नावासाठी एकच रकाना असतो, आणि बीजीव्ही रेझ्युमेवरून नाही, त्या अर्जावरून होते. तिथे रिलिव्हिंग लेटरवरचं नाव जसंच्या तसं टाका आणि बाकीची साखळी शेऱ्याच्या रकान्यात लिहा. यादीतून नाव निवडायची सोय असेल आणि जुनं नाव त्यात नसेल तर ‘इतर’ निवडून टाइप करा. जवळचं वाटणारं नाव निवडू नका. केपीआयटीच्या उदाहरणात नेमकं तेच नाव चुकीच्या कंपनीकडे नेतं.

सहावी पायरी: उत्तर देणारं कोणी आहे का, ते तुम्हीच आधी पाहा

ही पायरी वेळ खाते, दोन-तीन आठवडे धरा. आजच्या कंपनीच्या एचआरला मेल करा. त्यात जुना एम्प्लॉयी कोड, त्या वेळच्या कंपनीचं नाव, रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख द्या, रिलिव्हिंग लेटर जोडा आणि एवढंच विचारा की या काळाची पडताळणी कोणत्या पत्त्यावर होते. जुना कोड महत्त्वाचा, कारण विलीनीकरणात कर्मचाऱ्यांना नवे कोड मिळतात आणि तुम्ही आधीच गेलेले असाल तर नव्या यादीत तुमचं नाव नसतंच. जुनी नोंद जुन्या कोडवरच सापडते. जिथे एका कंपनीच्या दोन झाल्या आहेत तिथे दोन्हीकडे विचारा. जो उत्तर देईल त्याचाच पत्ता अर्जात द्या.

कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असेल तर नावबदलाची किंवा विलीनीकरणाची घोषणा बीएसई किंवा एनएसईच्या साइटवर फुकट मिळते. तिचं पहिलं पान अर्जाला जोडा. खासगी कंपनीच्या बाबतीत मंत्रालयाच्या पोर्टलवर 100 रुपये भरून कंपनीचे सार्वजनिक दस्तऐवज पाहता येतात. नावबदलाचं प्रमाणपत्र आणि एनसीएलटी या कंपनी न्यायाधिकरणाचा विलीनीकरणाचा आदेश तिथे असतो.

इथे थांबा आणि जाणकाराकडे जा

पोर्टलवर कंपनीची स्थिती `Strike Off` किंवा `Under Liquidation` असेल आणि पुढे कोणतीही कंपनी सापडत नसेल, तर एचआर शोधत बसू नका. पगाराच्या स्लिपा, त्या काळाचं बँक स्टेटमेंट, फॉर्म 16 आणि पीएफची नोंद यांचा एक संच करा आणि कंपनी बंद असल्याचं नव्या कंपनीच्या एचआरला लेखी आधीच कळवा. अवसायन चालू असेल तर जुन्या नोंदी लिक्विडेटरच्या ताब्यात असतात. तिथला पत्रव्यवहार कंपनी सेक्रेटरीकडून करून घ्या. पोर्टलवरचे दस्तऐवज वाचूनही कोणती कंपनी कोणात मिसळली ते कळत नसेल, तरीही कंपनी सेक्रेटरीच गाठा. त्यांचं ते रोजचं काम आहे.

पीएफमध्ये रुजू होण्याची तारीख किंवा नाव चुकीचं असेल, तर अंदाजाने काही भरू नका. त्यासाठी जॉइंट डिक्लरेशन करावं लागतं, आणि कंपनी दाद देत नसेल तर पीएफ कार्यालयात तक्रार. चुकीची दुरुस्ती पुन्हा दुरुस्त करणं फार अवघड जातं.

ऑफर मागे घेतली गेली असेल किंवा अहवालात ‘खोटी माहिती’ असा शब्द आला असेल, तर फोनवर वाद घालू नका. अहवालाची प्रत लेखी मागा आणि कामगार कायद्याच्या वकिलाला दाखवा.

आणि कितीही घाई असली तरी जुन्या पत्रावर नवं नाव टाकून घेऊ नका. एका मुलाने एका सायबर कॅफेत हे केलं होतं. त्याची पाच वर्षांची नोकरी पूर्ण खरी होती, जुन्या कंपनीने होकारही दिला होता. पण पत्राच्या तारखेला ते नवं नाव अस्तित्वातच नव्हतं, आणि आम्हाला अहवालात बनावट दस्तऐवज असं लिहावं लागलं.